थाळीच्या पदार्थसूचीतील वर्णनलेखन

उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला
• थाळीची पदार्थसूची आणि नेहमीची पदार्थसूची यांतील कार्यभेद स्पष्ट करता येईल;
• मराठी पदार्थनाम वाचकाला काय सांगते आणि काय सांगत नाही, हे ओळखता येईल;
• अपरिचित वाचकासाठी पदार्थाचे अचूक व आटोपशीर वर्णन लिहिता येईल.

प्रास्ताविक

मागील घटकात आपण जाहिरातीच्या भाषेचा विचार केला. पदार्थसूची, म्हणजे ज्याला व्यवहारात आपण ‘मेनूकार्ड’ म्हणतो ते, वरवर पाहता जाहिरातीच्याच कुळातले वाटते. तथापि त्याचे काम निराळे आहे. या घटकात आपण एकच उदाहरण घेणार आहोत. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाकाहारी महाराष्ट्रीय थाळी देणारे एक भोजनालय आहे, अशी कल्पना करा. वेरूळची लेणी १९८३ पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहेत, त्यामुळे या भोजनालयात परदेशी प्रवासी येतात, अन्य राज्यांतील कुटुंबे येतात आणि मुंबई-कोकणातील मराठी माणसेही येतात. या भोजनालयाचे कार्ड तुम्हाला लिहायचे आहे.

विषयाकडे वळण्यापूर्वी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी परराज्यातून आलेल्या एका प्राध्यापक मित्राला घेऊन मी अशाच एका भोजनालयात गेलो होतो. त्यांना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी होती. कार्डावर ‘शेंगदाण्याची चटणी’ असे स्पष्ट छापले होते, म्हणून त्यांनी ती वाढू दिली नाही. ‘काकडीची कोशिंबीर’ मात्र त्यांनी निःशंकपणे दोन चमचे खाल्ली. दहा मिनिटांत त्यांचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि आम्हाला भरल्या ताटावरून उठून रुग्णालय गाठावे लागले. ते बरे झाले. परतल्यावर मी वाढप्याला विचारले, तेव्हा तो प्रामाणिक आश्चर्याने म्हणाला, “सर, कोशिंबिरीत कूट असतंच की! ते वेगळं कशाला सांगायचं?”

या एका वाक्यात आपल्या घटकाचा विषय सामावलेला आहे. ‘असतंच की’ हे गृहीत ज्ञान आहे. ते ज्या भाषकसमूहात वाटून घेतलेले असते, तेथे ते सांगावे लागत नाही. पदार्थसूचीचा वाचक त्या समूहाबाहेरचा असला की न सांगितलेली गोष्ट त्याच्यापुरती अस्तित्वातच नसते. कार्डावर कोणतेही विधान खोटे नव्हते, तरीही वाचकाची दिशाभूल झाली.

१. थाळीच्या पदार्थसूचीचे कार्य

नेहमीच्या उपाहारगृहात ग्राहक कार्ड वाचतो, एखादा पदार्थ निवडतो आणि मागवतो. तेथील वर्णनाचे कार्य निवडीस साहाय्य करणे हे असते. थाळीच्या भोजनालयात निवड जवळजवळ नसतेच. दहा-बारा पदार्थ न मागता समोर येतात. म्हणून थाळीच्या कार्डाने दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला प्रश्न, हे कशाबरोबर, किती आणि कसे खायचे? दुसरा, यातले काही मी टाळले पाहिजे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे ताटाच्या मांडणीतच दिलेले असते. ताटात वरच्या बाजूला मीठ, डावीकडे लिंबू, लोणचे, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. समोर पोळी-भाकरी आणि भात. ही मांडणी म्हणजे एक संकेतव्यवस्था आहे. डावीकडचे पदार्थ थोडे घ्यायचे व तोंडी लावायचे, उजवीकडचे पोळी-भाताबरोबर भरपूर खायचे, असा तिचा अर्थ. आपण हा संकेत लहानपणी पंगतीत शिकतो आणि शिकल्याचे विसरूनही जातो. परका प्रवासी हिरव्यागार ठेच्याकडे पालेभाजी म्हणून पाहतो आणि मोठा घास घेतो. त्यात ठेच्याचाही दोष नाही आणि प्रवाशाचाही नाही. संकेत भाषेत उतरला नाही, एवढेच घडलेले असते.

यावरून कार्डाची रचना ठरते. बहुतेक भोजनालये पदार्थांची नावे एकाखाली एक छापतात, त्यामुळे ठेचा आणि आमटी एकाच पातळीवर येतात. त्याऐवजी ‘डावी बाजू : थोडे, तोंडी लावण्यासाठी’, ‘उजवी बाजू : पोळी, भाकरी व भाताबरोबर’ आणि ‘शेवटी’ असे तीन गट केले, तर प्रत्येक वर्णनातील चार-पाच शब्द वाचतात. कार्डाच्या शिरोभागी आणखी एक ओळ हवी : ‘पदार्थ पुन्हा पुन्हा वाढले जातात. नको असल्यास ताटावर हात आडवा धरावा.’ ही खूण माहीत नसलेला पाहुणा संकोचाने वाढून घेत राहतो, आणि अन्न वाया जाते.

२. पदार्थनाम काय सांगते, काय लपवते

मराठी पदार्थनामांची घडण पाहू. ‘काकडीची कोशिंबीर’, ‘मटकीची उसळ’, ‘ज्वारीची भाकरी’ ही नावे ‘अमुकाची तमुक’ या साच्यातली आहेत. यांतील दुसरे पद पदार्थाचा प्रकार सांगते, तर षष्ठीतील पहिले पद त्याचा प्रमुख किंवा वेगळेपण दाखवणारा घटक सांगते. गाजराच्या कोशिंबिरीहून काकडीची वेगळी, एवढेच या साच्याला म्हणायचे असते. जे सर्वच कोशिंबिरींत समान आहे, ते नावात येत नाही. म्हणजे शेंगदाण्याचे कूट नावात नसते, याचे कारण ते क्वचित असते हे नसून ते नेहमी असते हे आहे. हा विरोधाभास नीट लक्षात घ्या. जो घटक जितका सवयीचा, तितका तो नावात अदृश्य होतो.

दुसरा साचा ‘भरली वांगी’चा. येथे विशेषण कृती सांगते : वांगी भरलेली आहेत. कशाने भरली, हे मात्र सांगत नाही. पुष्कळ घरांत ते सारण शेंगदाणे, सुके खोबरे, तीळ, कांदा आणि गोडा मसाला यांचे असते. आता ‘गोडा मसाला’ हा शब्द पाहा. शब्दाला शब्द ठेवणारा अनुवादक त्याचे ‘गोड मसाला’ करतो आणि वाचक मिष्टान्नाची कल्पना करतो. प्रत्यक्षात तो धणे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल आदी जिन्नस भाजून केलेला गडद, सुवासिक मसाला आहे. त्याला गोडाच्या पदार्थांशी काही कर्तव्य नाही. अशा ठिकाणी नावाचा अनुवाद न करता ‘भाजलेल्या मसाल्यांचे सारण’ असे सरळ वर्णन करावे.

तिसरा साचा एकपदी नावांचा : पिठले, ठेचा, आमटी, वरण. ही नावे जाणकाराला सर्व काही सांगतात, परक्याला काहीच सांगत नाहीत. त्यांना वर्णनाची सर्वाधिक गरज असते. उलट ‘मसालेभात’ किंवा ‘दहीभात’ यांचे वर्णन दोन शब्दांत आटोपले तरी चालते. कार्डावरील जागा सर्व पदार्थांना सारखी वाटू नका. नाव जितके अपारदर्शक, तितकी जागा अधिक द्या.

३. ओळखीचा भास देणारे शब्द

वाचकाला शब्द मुळीच माहीत नसेल, तर तो निदान विचारतो. तो शब्द माहीत आहे असे वाटले, तर विचारतही नाही. म्हणून अपरिचित शब्दांपेक्षा ओळखीचा भास देणारे शब्द अधिक घातक ठरतात.

‘भाकरी’ घ्या. गुजराती पाहुण्याच्या भाषेत ‘भाखरी’ आहे. पण ती गव्हाच्या पिठाची, मोहन घालून केलेली, खुसखुशीत असते. आपली ज्वारीची भाकरी हाताने थापलेली, मऊ आणि बिनतेलाची. गहू टाळणाऱ्या गुजराती पाहुण्याने ‘भाखरी’ समजून ती नाकारली, तर त्याच्यासाठीच योग्य असलेला पदार्थ तो गमावतो.

‘चटणी’ या शब्दाने उत्तरेकडील पाहुण्यापुढे पुदिन्याची पातळ चटणी उभी राहते; आपल्या ताटात मात्र कोरडी, भुकटीसारखी चटणीही असते. ती पातळ समजून चमच्याने तोंडात टाकली की ठसका लागतो. येथे ‘कोरडी’ हे एकच विशेषण पुरेसे आहे, पण ते वगळता येणार नाही.

‘भाजी’ची गोष्ट भाषावैज्ञानिकदृष्ट्या अधिक रंजक आहे. मराठीत ‘भाजी’ आणि ‘भजी’ यांतील भेद पहिल्या स्वराच्या ऱ्हस्व-दीर्घत्वाने राखला जातो. रोमन लिपीत एरवी लिहिताना हा भेद सहसा नष्ट होतो आणि दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. त्यातच ब्रिटनमधील भारतीय उपाहारगृहांमुळे तेथील लोकांना त्या रोमन शब्दाचा कांदाभजी हाच अर्थ परिचित आहे. म्हणून रोमन लिपीतील ‘वांग्याची भाजी’ वाचून इंग्रज पाहुणा वांग्याच्या भज्यांची वाट पाहतो. नाव तसेच ठेवावे. मात्र त्याच ओळीत ‘रस्सेदार’ किंवा ‘परतलेली’ असा शब्द घालावा.

हा भास मराठीच्या आतही होतो. पिठल्याचे वर्णन करताना तुम्ही ‘बेसनाचे कालवण’ असे लिहिले, तर देशावरच्या वाचकाला काही वाटणार नाही. कोकणातल्या वाचकाच्या मनात मात्र ‘कालवण’ म्हटले की बहुधा माशाचे कालवण येते. शाकाहारी भोजनालयाच्या कार्डावर हा गोंधळ नको. म्हणून आपल्या बोलीतला शब्द वर्णनात वापरण्यापूर्वी तो अन्य बोलीत कोणता अर्थ वाहतो, हे विचारून घ्यावे.

शेवटी ‘शाकाहारी’ हा शब्द. भारतात शाकाहारात दूध येते, अंडे येत नाही. अनेक पाश्चात्त्य देशांत स्वतःला शाकाहारी म्हणवणारे लोक अंडी खातात, तर दूध-तुपासह सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणाऱ्यांसाठी तेथे वेगळा शब्द आहे, जो आपण ‘व्हीगन’ असा लिहितो. म्हणून ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीवर न थांबता, ‘अंडी नाहीत, दूध, दही व तूप वापरले जाते’ असे लिहावे. जैन पाहुण्यांसाठी कांदा-लसूण व कंदमुळे कोणत्या पदार्थांत आहेत, तेही त्या त्या ओळीत यावे.

४. वर्णनवाक्याची घडण

आता प्रत्यक्ष लेखन करू. पहिली पायरी टेबलावर बसून करायची नाही. ती स्वयंपाकघरात करायची आहे. ठेचा कसा असतो हे आपल्याला ठाऊक आहे, असे समजून लिहू नका. तुमच्या घरच्या ठेच्यात शेंगदाणे नसतील, या आचाऱ्याच्या ठेच्यात असतील. पदार्थ होत असताना उभे राहावे आणि आचाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत : यात काय काय पडते? फोडणी कशाची? आणि वाढण्यापूर्वी वरून काय घालता? तिसरा प्रश्न विसरू नका. कूट, तुपाची धार, खवलेले खोबरे, शेव हे सारे ‘वरून’ येते आणि ‘पदार्थात काय आहे’ असे विचारले असता आचाऱ्याच्या उत्तरातून सुटते.

दुसरी पायरी मसुद्याची. काकडीच्या कोशिंबिरीचे तीन मसुदे पाहू.

मसुदा १ : ‘काकडीची कोशिंबीर – ताज्या काकडीची पारंपरिक, चविष्ट कोशिंबीर.’

हे वर्णन चक्राकार आहे. ज्या शब्दाचा अर्थ सांगायचा, तोच शब्द उत्तरात आला आहे. उरलेल्या विशेषणांना प्रतिस्थापनाची कसोटी लावा. ‘पारंपरिक’, ‘चविष्ट’ ही विशेषणे उचलून आमटीपुढे ठेवा, पुरणपोळीपुढे ठेवा. ती तेथेही तितकीच बसतात. जे विशेषण कोणत्याही पदार्थाला लागते, ते या पदार्थाविषयी काही सांगत नाही. ‘अस्सल’, ‘घरगुती’, ‘रुचकर’ यांचीही हीच गत.

मसुदा २ : ‘काकडीची कोशिंबीर – चोचवलेल्या काकडीचे सॅलड, दाण्याचे कूट व फोडणी घालून.’

येथे प्रगती आहे. प्रकार कळला, कूट आले. परंतु ‘चोचवणे’ ही क्रिया कोशिंबीर करणाऱ्यांनाच ठाऊक. अनुवादक येथे अडखळणार. ‘दाणे’ म्हणजे शेंगदाणे हेही गृहीत ज्ञानच आहे. ‘फोडणी’ हिंदी भाषकाला ‘तडका’ म्हणून सांगता येते, इतरांसाठी तिचे वर्णनच करावे लागते. शिवाय दह्याचा उल्लेख राहिला आणि किती खायची हे कळले नाही.

मसुदा ३ : ‘काकडीची कोशिंबीर – बारीक चिरलेली काकडी, दही व भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, वर तेलात तडतडवलेले जिरे व मिरची. थंड, सौम्य. तिखट घासानंतर चमचाभर घ्यावी. ◆ शेंगदाणे, दूध.’

या मसुद्यातील क्रम पाहा : मूळ नाव, मग घटक व कृती, मग चव, मग खाण्याची रीत, शेवटी वेगळ्या खुणेने सावधगिरीची नोंद. मूळ नाव काढून टाकू नये, कारण पाहुण्याला वाढप्याकडे तेच मागायचे असते. सावधगिरीची नोंद वाक्यात मिसळू नये, कारण ज्याला ती हवी आहे, तो सर्व कार्ड न वाचता फक्त खुणा पाहत जातो.

याच रीतीने अन्य तीन वर्णने पाहू. या नोंदी आचाऱ्याकडून मिळालेल्या माहितीवर आधारलेल्या आहेत, असे समजा.

‘ठेचा – हिरवी मिरची व लसूण तेलात भाजून, मिठासह जाडसर ठेचलेला. अतिशय तिखट. भाकरीच्या घासाला नखभर लावावा. नुसता खाऊ नये. ◆ लसूण.’

‘भरली वांगी – अख्ख्या लहान वांग्यांत शेंगदाणे, सुके खोबरे, तीळ, कांदा व भाजलेल्या मसाल्यांचे सारण भरून शिजवलेली. मध्यम तिखट. भाकरीबरोबर खावी, देठ बाजूला ठेवावा. ◆ शेंगदाणे, तीळ, कांदा.’

‘पिठले – हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात कालवून, कांदा, लसूण व मिरचीच्या फोडणीवर शिजवलेले, मऊ व दाट. गरम भाकरीबरोबर खावे. ◆ कांदा, लसूण, हिंग.’

ठेच्यातील ‘नखभर’ हा शब्द तुमच्या लक्षात आला असेल. तिखटपणा केवळ ‘कमी, मध्यम, जास्त’ अशा श्रेणीने सांगितला तर तो सापेक्ष राहतो. कोल्हापूरकराचे ‘मध्यम’ आणि जपानी पाहुण्याचे ‘मध्यम’ एक नव्हे. घासाला किती लावावे हे सांगितले की मोजमाप कृतीत येते आणि सर्वांना सारखे कळते.

५. सावधगिरीच्या नोंदी आणि त्यांच्या मर्यादा

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल व प्रदर्शनविषयक नियमांनुसार, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० वा अधिक ठिकाणी चालणाऱ्या भोजनगृहांनी पदार्थांतील ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे अपेक्षित आहे. त्या घटकांत ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, शेंगदाणे, कवचाची फळे, सोयाबीन आदींचा समावेश होतो. आपल्या उदाहरणातील एकट्या भोजनालयाला हा नियम लागू नसला, तरी त्याची यादी आधार म्हणून घ्यावी. तीळ त्या यादीत नाहीत. परंतु युरोपीय संघात आणि २०२३ पासून अमेरिकेतही तिळाची नोंद आवश्यक मानली जाते. परदेशी पाहुण्यांचा विचार करता आपण ती करणे शहाणपणाचे आहे.

येथे भाषेचा एक नाजूक प्रश्न उभा राहतो. ज्वारीत ग्लुटेन नसते, हे खरे. म्हणून ‘ज्वारीची भाकरी – ग्लुटेनमुक्त’ असे लिहावे काय? त्याच ओट्यावर पोळ्यांची कणीक मळली जात असेल, तर हे विधान धान्यापुरते खरे आणि ताटापुरते संशयास्पद ठरते. बाजारातील मिश्र हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, म्हणजे पिठल्यात गहू फोडणीवाटे येऊ शकतो. म्हणूनच वरील नोंदीत हिंग स्वतंत्रपणे दिला आहे. अशा वेळी ‘ग्लुटेनमुक्त’ हे हमीदर्शक विशेषण टाळावे आणि ‘फक्त ज्वारीचे पीठ, स्वयंपाकघरात गहूही वापरला जातो’ असे वस्तुस्थितिदर्शक विधान करावे. पहिले विधान वाचकाच्या वतीने निर्णय घेते, दुसरे त्याला निर्णयासाठी माहिती देते.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. आचारी बदलला, दाणे महाग झाले म्हणून कुटाऐवजी तीळ आले, की कार्ड खोटे ठरते. छापील मजकुराला हे बदल आपोआप कळत नाहीत. म्हणून सावधगिरीची नोंद वेगळ्या पट्टीवर छापून बदलता येईल अशी ठेवावी आणि वाढप्यांना तोंडपाठ असावी.

कार्ड तयार झाल्यावर त्याची परीक्षा कशी घ्यावी? ज्याने हे पदार्थ कधी खाल्ले नाहीत अशा एखाद्या व्यक्तीला ते वाचायला द्यावे, मग भरलेले ताट तिच्यासमोर ठेवावे आणि प्रत्येक वाटीवर बोट ठेवून तिला त्या पदार्थाचे नाव ओळखायला सांगावे. जेथे ती चुकेल, तेथे वर्णन अपुरे आहे. मराठी मजकूर या परीक्षेत उतरल्यावरच त्याचा हिंदी वा इंग्रजी अनुवाद करावा. मूळात जे गृहीत धरले गेले, ते अनुवादात उगवत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘वरण’ आणि ‘आमटी’ ही दोन्ही ‘दाल’ या एकाच शब्दाने सांगितली तर वाचकाचे कोणते नुकसान होते?
२. ‘आमच्या सुगरणींच्या हातची खमंग, अस्सल गावरान मटकीची उसळ’ या वर्णनाला प्रतिस्थापनाची कसोटी लावा आणि ते नव्याने लिहा.
३. तुमच्या भागातील एखादा पदार्थ निवडा. तो प्रत्यक्ष होत असताना पाहून, या घटकातील क्रमाने सुमारे २५ शब्दांत त्याचे वर्णन करा.

उत्तरसूचन : प्रश्न १ – साधे वरण सौम्य, बिनमसाल्याचे, भातावर तुपासह घेतले जाते. आमटीला फोडणी, मसाला, चिंच किंवा आमसूल आणि गूळ यांमुळे आंबट-गोड-तिखट चव येते. एकाच शब्दामुळे चव, तिखटपणा व खाण्याची रीत हे तिन्ही भेद पुसले जातात. प्रश्न २ – ‘सुगरणींच्या हातची’, ‘खमंग’, ‘अस्सल’, ‘गावरान’ ही चारही पदे गळतात. ‘मोड आलेली मटकी’ हे मुख्य घटकाचे वर्णन यावे लागते.

सारांश

थाळीत पदार्थ न मागता येतात, म्हणून तिच्या कार्डाने निवडीपेक्षा खाण्याची रीत आणि टाळण्याजोगे घटक सांगावेत. पदार्थनाम वेगळेपण सांगते आणि नेहमीचे ते लपवते. ओळखीचा भास देणारे शब्द वाचकाला प्रश्न विचारू देत नाहीत. स्वयंपाकघरात पाहून, मूळ नाव राखून, घटक, चव, रीत आणि सावधगिरी या क्रमाने लिहावे. लिहिताना ‘असतंच की’ असे जेथे मनात येईल, नेमके तेच कार्डावर लिहिणे आवश्यक आहे.